‘असण्याची’ शक्यता की ‘दिसण्याची’?

“बी.एस्सी.ला संख्याशास्त्र आहे. पेपरात पी-व्हॅल्यू आणि कॉन्फिडन्स इंटरव्हलवर चार-पाच विधानं देऊन चुकीची ओळखायला सांगतात. इंग्रजी वाक्याचं मनात मराठी करून वाचलं की मला सगळीच बरोबर वाटतात. नुसत्या शब्दांवरून चूक पकडता येते का?” – एक विद्यार्थिनी, निपाणी

बऱ्याचदा येते, आणि मराठी करून वाचता ते सोडू नका. ‘शक्यता’ म्हटलं की मराठीत त्याआधी बहुतेकदा ‘-ण्याची’ लागलेलं एक क्रियापद येतं. विधानातली चूक बहुतेक वेळा त्या क्रियापदातच असते.

एक उदाहरण घेऊ. बेळगावातला एक मिठाईवाला कुंद्याच्या डब्यावर २५० ग्रॅम छापतो. ३६ डबे तोलले, सरासरी २४७ ग्रॅम आली. प्रमाण विचलन ९ ग्रॅम आहे, ते आधीच ठाऊक आहे असं धरू. मग प्रमाण त्रुटी ९ भागिले ६, म्हणजे १.५ ग्रॅम. २४७ हे २५० पासून बरोबर दोन प्रमाण त्रुटी खाली आहे, म्हणून दोन्ही बाजूंची पी-व्हॅल्यू सुमारे ०.०४६ येते.

आता विधान पाहा: ‘खरी सरासरी २५० असण्याची शक्यता ४.६ टक्के आहे.’ चूक. दुसरं पाहा: ‘खरी सरासरी २५० असेल, तर नमुन्यात ३ ग्रॅमचा किंवा त्याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ४.६ टक्के आहे.’ बरोबर. पहिल्यात शक्यता परिकल्पनेच्या ‘असण्याची’ आहे, दुसऱ्यात आकड्यांच्या ‘दिसण्याची’, आणि तीही ‘असेल तर’ या अटीखाली. अट गळाली की वाक्य बिघडलं. ‘किंवा त्याहून मोठा’ हे शब्दही शोभेचे नाहीत. ते काढून टाकलेलं विधान पेपरात बेमालूम खपून जातं.

दोन्ही वाक्यांत खरंच इतकं अंतर आहे का? समजा १००० दुकानं तपासली आणि त्यांतली ९०० प्रामाणिक आहेत. ५ टक्क्यांची पातळी ठेवली तर या ९०० पैकी साधारण ४५ दुकानं निव्वळ योगायोगाने ‘दोषी’ ठरतील. उरलेल्या १०० पैकी निम्मी, म्हणजे ५०, पकडली गेली असं धरा. एकूण ९५ दोषी, त्यांतली ४५ निर्दोष! ५ टक्के कुठे आणि ४७ टक्के कुठे. परिकल्पना खरी असण्याची शक्यता काढायची तर मुळात प्रामाणिक दुकानं किती, हे आधी कळायला हवं, आणि पी-व्हॅल्यूला ते कळत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ च्या निवेदनात हा गैरसमज मुद्दाम खोडला आहे. वर्गातल्या तुमच्या कन्नड मैत्रिणीही इथेच अडखळत असतील. घोळ तर्काचा आहे, त्याला कुठलीही भाषा चालते.

कॉन्फिडन्स इंटरव्हलची चाल जरा वेगळी आहे. आपल्या उदाहरणात ९५ टक्क्यांचा इंटरव्हल २४४.०६ ते २४९.९४ ग्रॅम येतो. ‘खरी सरासरी २४४.०६ ते २४९.९४ च्या दरम्यान असण्याची शक्यता ९५ टक्के’ हे विधान, कॉन्फिडन्स इंटरव्हलची कल्पना मांडणारे संख्याशास्त्रज्ञ नेमान यांच्या पद्धतीत चूक धरतात. खरी सरासरी हलत नाही. नमुना बदलला की हलतो तो इंटरव्हल. आकडे हातात आल्यावर सरासरी एकतर त्यांच्यामध्ये आहे किंवा नाही. ९५ टक्के हा गुण पद्धतीचा: ‘अशाच रीतीने पुन्हा पुन्हा नमुने घेऊन काढलेल्या इंटरव्हलांपैकी सुमारे ९५ टक्के इंटरव्हल खऱ्या सरासरीला सामावतील.’ म्हणून ठरलेले आकडे आणि ‘शक्यता’ एकाच वाक्यात दिसले की सावध व्हा. कर्ता बदलून ‘हा इंटरव्हल सरासरीला सामावण्याची शक्यता’ असं लिहिलं तरी आकडे तेच असतील तर चूक तीच राहते. ‘आम्हाला ९५ टक्के खात्री आहे’ हे मात्र रूढ म्हणून बहुतेक परीक्षक चालवून घेतात. मला ते पटत नाही, पण गुण त्यांच्या हातात आहेत.

‘९५ टक्के डबे २४४.०६ ते २४९.९४ ग्रॅमचे आहेत’ हे विधान तर अगदीच वेगळ्या वस्तूबद्दल बोलतं. इंटरव्हल सरासरीसाठी आहे, सुट्या डब्यांसाठी नाही. वजनं प्रसामान्य वितरणाची आणि खरी सरासरी २४७ च्या आसपास धरली, तर त्या पट्ट्यात जेमतेम २६ टक्के डबे बसतील.

पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर गेली की ‘फरक नाही हे सिद्ध झाले’ असं विधान हमखास येतं. तिथे ‘सिद्ध’ हा शब्द खोडा. फरक आहे म्हणायला पुरेसा पुरावा मिळाला नाही, एवढंच म्हणता येतं. ३६ ऐवजी ९ डबे तोलले असते आणि सरासरी तीच २४७ आली असती, तर पी-व्हॅल्यू सुमारे ०.३२ झाली असती.

एक अपवाद लक्षात ठेवा. प्रश्नात बेझ पद्धत आणि पूर्ववितरण स्पष्ट दिलेलं असेल, तर ‘या दोन आकड्यांमध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के’ हे वाक्य बरोबर ठरू शकतं. फक्त त्या अंतराला मग क्रेडिबल इंटरव्हल म्हणतात.