बांगड्याचा क्रेट आणि कॉमी-थ्रीची मुलाखत

"सर, मी वेंगुर्ल्याची. बारावीनंतर फूड प्रॉडक्शनचा कोर्स केलाय. तारकर्लीकडच्या एका रिसॉर्टला कॉमी-थ्री हवाय. कामाच्या वर्णनात 'मीझ-आँ-प्लास, फिफो, ब्रेक शिफ्ट' एवढंच लिहिलंय. याआधी एका हॉटेलात मुलाखत दिली होती. शेफनी विचारलं, बांगड्याचा क्रेट बर्फाशिवाय बाहेर दिसला तर काय करशील? मी म्हटलं, वास घेऊन बघीन, चांगला असेल तर धुऊन लगेच मसाला लावीन. ते नुसते हसले. माझं काय चुकलं?"

तुझं उत्तर घरच्या स्वयंपाकघरात कदाचित खपलं असतं. हॉटेलात त्यात दोन चुका आहेत.

पहिली चूक वासाची. बांगडा, कुपा, सुरमई ही मासळी उबेत राहिली की जिवाणूंमुळे तिच्यात हिस्टामिन तयार होतं. मासा वासाला आणि डोळ्यांना ठीक वाटत असतानाही ते असू शकतं. शिवाय ते धुऊन जात नाही, तळून मरत नाही आणि नंतर बर्फात ठेवलं तरी कमी होत नाही. असा मासा खाल्लेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा थोड्याच वेळात लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. सगळ्यांना वाटतं, माशाची अ‍ॅलर्जी असेल. म्हणून शेफला वासाच्या आधी ऐकायचं असतं ते हे: क्रेट गाडीतून किती वाजता उतरला, तेव्हा बर्फ होता का, आणि आता माशाच्या पोटातलं तापमान किती? मासळी 5 अंशांच्या आत हवी. बाहेर गेलेला वेळ बेरजेत धरायचा असतो. परत बर्फ घातला म्हणून घड्याळ शून्यावर येत नाही.

दुसरी चूक म्हणजे निर्णय तू घेतलास. कॉमी-थ्री ही किचनमधली सगळ्यात खालची पायरी. मासा वापरायचा की टाकायचा, हे तुझ्या सेक्शनचा प्रमुख, म्हणजे सीडीपी, किंवा त्याच्या वरचा शेफ ठरवतो. तू क्रेट बाजूला करायचास, त्यावर 'वापरू नये' अशी चिठ्ठी आणि वेळ लिहायचीस आणि त्यांना लगेच सांगायचंस. ओरडा बसेल म्हणून गुपचूप फ्रीजमध्ये सरकवणारी पोरं मी पाहिली आहेत. खरं सांगायचं तर, त्यांना हेरण्यासाठीच मी स्वतः हा प्रश्न विचारत असे.

आता त्या वर्णनाकडे वळू. फिफो म्हणजे आधी आलेला माल आधी वापरायचा. बोलायला सोपं आहे, पण डब्यावर तारीख नसेल तर ते होतच नाही. मीझ-आँ-प्लास म्हणजे सर्व्हिस सुरू होण्याआधीची सगळी तयारी, आणि कॉमीचा बहुतेक दिवस त्यातच जातो. त्यावर प्रश्न साधारण असा येतो: "दुपारी 60 थाळ्या आहेत, सोलकढी किती काढशील?" आधी वाटी केवढी ते विचार. 150 मिलीची असेल तर 9 लिटर. मग विचार, दुसरी वाटी देता का? देत असाल तर निम्म्या लोकांनी मागितली असं धरून साडेचार लिटर आणखी. पण साडेतेरा लिटर सकाळीच काढून बाहेर ठेवीन म्हणालीस तर फसलीस, कारण नारळाचा रस उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतो. कोकमाचं आगळ तयार ठेवायचं, रस दोन वेळा काढायचा आणि पहिला घाणा फ्रीजमध्ये. इथे आकड्यापेक्षा हा विचार ऐकायचा असतो.

ट्रायलमध्ये बहुधा कांदाच देतील. वेगाच्या मागे लागू नकोस. तुकडे सारखे हवेत, नाहीतर बारीक जळतात आणि जाड कच्चे राहतात. बोर्ड सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं घाल. बोर्डांचे रंग बघ: सहसा कच्च्या माशाला निळा, भाजीला हिरवा, पण तिथली पद्धत विचारून घे. कापून झाल्यावर सालं उचललीस का, सुरी पुसलीस का, हे बघायला कोणीतरी मागे उभं असतं.

ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी दहा-अकरा ते तीन-साडेतीन, आणि पुन्हा संध्याकाळी सहा-सातपासून रात्री अकरा-साडेअकरापर्यंत. मधले तीन तास तुझे, पण वेंगुर्ल्याला जाऊन यायला ते पुरणार नाहीत आणि रात्री एसटी मिळायची नाही. तेव्हा राहायची सोय आहे का, मुलींसाठी वेगळी खोली आहे का, हे मुलाखतीतच विचार. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणखी एक गोष्ट विचारून घे: 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, पर्यटकही कमी होतात. त्या दोन महिन्यांत पगार पूर्ण मिळतो, अर्धा मिळतो की घरी पाठवतात? उत्तर पत्रात लिहून मागून घे, तोंडी नको.