न वाचता दाबलेलं बटण

प्रिय,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "ताई, हल्ली अलर्ट आला की वाचत बसत नाही, आधी अ‍ॅकनॉलेज करून टाकतो." नुसतं "थकलोय" म्हणाला असतास तर मी एवढी दचकले नसते. रात्री-अपरात्री सर्व्हरचा अलर्ट वाजला की उठायचं, अशा ऑन-कॉलच्या आठवड्यानंतर सगळेच थकतात आणि दोन-तीन रात्री सलग झोप मिळाली की माणूस ताळ्यावर येतो. तुझं लक्षण त्याच्या पुढचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये बर्नआउटचं जे वर्णन केलं, त्यात तीन गोष्टी येतात: गळून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात अंतर किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. हा आजार म्हणून नोंदवलेला नाही. कामावरचा ताण दीर्घकाळ आटोक्यात आला नाही की असं होतं, एवढंच त्यांचं म्हणणं. आपल्या धंद्यात थकवा रोजचाच, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. दुसरी गोष्ट मात्र बोलण्यातून डोकावते. क्लायंटचा प्रत्येक मेल मूर्खपणाचा वाटतो, ज्युनिअरने साधा प्रश्न विचारला तरी डोकं फिरतं, तिकिटावर कारण न शोधता "रिस्टार्ट केलं, क्लोज" एवढंच लिहिलं जातं. माझी स्वतःची तिकिटं मी नंतर चाळली, तेव्हा चार महिने मी हेच लिहीत होते. त्या काळात कोणी विचारलं असतं तर "मी मस्त आहे" असंच सांगितलं असतं.

सुट्टी घेऊन मी गावी गेले. आठ दिवस बरे गेले, परत आल्यावर तिसऱ्या रात्री पुन्हा तेच. सुट्टीत अलर्ट कमी होत नाहीत, ते फक्त दुसऱ्याकडे जातात!

मग एक वही केली. ऑन-कॉलच्या १४ रात्रींत आलेला प्रत्येक अलर्ट: वेळ, कशाबद्दल, मी नेमकं काय केलं, परत झोप किती वाजता लागली. ४१ अलर्ट निघाले. त्यातल्या २६ वेळा मी काहीच केलं नव्हतं, नुसती उठून पाहून आले होते. आणि त्या २६पैकी १८ एकच होते, पहाटे तीनच्या सुमारास डिस्क भरल्याचे. क्लायंट न्यूयॉर्कचा. तिथे संध्याकाळी साडेपाचला दिवसअखेरची बॅच चालायची, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे तीन. बॅच तात्पुरत्या फायली टाकायची, डिस्क ८५ टक्क्यांवर जायची आणि वीस मिनिटांत आपोआप खाली यायची. डिस्क सलग अर्धा तास भरलेली राहिली तरच अलर्ट वाजावा, एवढा बदल केला आणि ते १८ बंद झाले.

सीमा आखायची सुरुवात मी इथूनच करायला सांगते, कारण यात कोणाला "नाही" म्हणावं लागत नाही. मॅनेजरकडे "खूप त्रास होतो" म्हणून गेलास तर "जरा अ‍ॅडजस्ट कर" हेच ऐकशील. मीही ऐकलं होतं. वही पुढे ठेवली तेव्हा बोलणं बदललं.

दुसरी पायरी महिन्याभराने. रात्री तासाभराहून जास्त जागावं लागलं तर दुसऱ्या दिवशी बारानंतर यायचं, हे टीमच्या नियमात लिहून घे. तोंडी कबुली पहिल्याच रिलीजला विसरली जाते. क्लायंटबरोबरचा रोजचा रात्री नऊचा कॉल सर्वात शेवटी हातात घे. आम्ही तो आठवड्यातून दोनदा केला आणि उरलेले दिवस लेखी हँडओव्हर ठेवला. आधीच कॉल सोडला असता तर क्लायंट घाबरला असता.

रिलीजच्या वेळी नियम सैल करावे लागतील. करावेत, फक्त पुन्हा कधी लागू होणार ती तारीख आधीच लिहावी. आमची एकदा राहिली, आणि रोजचा कॉल तीन महिने परत चालू राहिला.

ऑन-कॉल नसलेल्या आठवड्यातही पहिले काही दिवस तुझी झोप मोडेल, न वाजलेला फोन वाजल्यासारखा वाटेल. ते ओसरतं. पण तुमच्या टीममध्ये ऑन-कॉल दोघांतच फिरत असेल, तर वही काढूनही फारसं हाती लागणार नाही. तिथे माणूसच वाढवावा लागतो; नाही मिळाला तर टीम बदलायचं बघ.

आणखी एक. काम बाजूला असतानाही, मित्रांत, आवडत्या जेवणात, कशातच मन लागत नसेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वही राहू दे, डॉक्टरांकडे जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो आणि मोफत आहे. मलाही कधीही फोन कर.

सोमवारी तुझा ऑन-कॉल सुरू होतोय ना? पहिल्या तीन रात्रींची पानं गुरुवारी पाठवून टाक, आपण दोघं बसून बघू.

तुझी,
ताई