10 पैकी 7.2 म्हणजे 4 पैकी किती? (आणि अकरावी-बारावी कुठे लिहायची?)

प्रश्न: परदेशी विद्यापीठांचे ऑनलाइन फॉर्म भरतोय. दहावी-बारावी टक्क्यांत आहे, डिग्रीचा सीजीपीए 10 पैकी 7.2. एका पोर्टलला 4 पैकी जीपीए हवाय, जर्मनीच्या फॉर्मला त्यांच्या पद्धतीचा ग्रेड. मी 0.4 ने गुणून 2.88 काढलंय, चालेल का? आणि अकरावी-बारावी शाळेत टाकायची की कॉलेजात?

उत्तर:

2.88 आधी खोडा. गुणाकार बरोबर आहे, पण आकडा तुमच्या निकालाचा राहिलेला नाही.

दहाच्या मापात बऱ्याच विद्यापीठांत 4 ला पास होतो. चारच्या मापात काठावरचा पास म्हणजे डी, त्याला 1.0 मिळतो. आता 4 ला 0.4 ने गुणा, 1.6 येतात. म्हणजे दोन्ही मापांची वरची टोकं जुळतात, खालची जुळतच नाहीत, आणि मधलं सगळं वाकडं बसतं. तुमच्या गुणपत्रिकेच्या मागचा तक्ता यूजीसीच्या नेहमीच्या धाटणीचा असेल, तर 7 म्हणजे बी प्लस. चारच्या मापात साधा बी 3.0 ला असतो. म्हणजे बी प्लसच्याही वर असलेल्या मुलानं स्वतःच्या हातानं स्वतःला बीच्या खाली ढकललं.

मीही हेच केलं होतं, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय. माझा सीजीपीए 7.6. रकान्यात 7.6 टाकले की खाली लाल अक्षरांत तक्रार यायची, की आकडा 0 ते 4 च्या दरम्यान हवा. रात्री उशिराची वेळ, मुदत जवळ आलेली. मी 3.04 टाकले, लाल अक्षरं गेली, मी खूश. पुढे त्या विद्यापीठाकडून मेल आली: ट्रान्सक्रिप्टवर 7.6 दिसतात, अर्जात 3.04 आहेत, हे रूपांतर कुणी केलं? उत्तर काय देणार, मीच केलं होतं. खुलासा लिहून प्रकरण मिटलं, पण त्यात वेळ गेला. नंतर तोच फॉर्म उघडून पाहिला तर जीपीएच्या रकान्याच्या अगदी वर एक ड्रॉपडाउन होता, `GPA Scale` नावाचा. त्यात आधीपासून 4.0 निवडलेला होता. तो 10 केला की 7.6 निमूटपणे स्वीकारले जात होते.

तेव्हा पहिलं काम म्हणजे तो ड्रॉपडाउन शोधणं. कुठे त्याचं नाव वेगळं असतं, कुठे संस्थेचं नाव आणि देश भरल्याशिवाय तो दिसतच नाही. सापडला की 10 निवडा आणि ट्रान्सक्रिप्टवर आहे तोच आकडा लिहा. रकान्याशेजारच्या छोट्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून मदतीचा मजकूरही वाचा. बऱ्याच विद्यापीठांनी तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं, की स्वतः रूपांतर करू नका, मूळ मापातच लिहा. परदेशी ट्रान्सक्रिप्ट वाचणारी माणसं त्यांच्याकडे असतात, आणि तुमच्या गुणाकारापेक्षा त्यांचा स्वतःच्या तक्त्यावर जास्त भरवसा असतो.

खरोखरच फक्त 4 चंच माप असेल, तर रकाना सक्तीचा आहे का ते बघा. नसेल तर मोकळा सोडा आणि `Additional Information` मध्ये एक ओळ टाका:

```
CGPA 7.20 on a 10-point scale; minimum passing grade point 4.
No conversion applied.
```

(इथला 4 तुमच्या गुणपत्रिकेप्रमाणे बदला. त्या आकड्यावर खाली बरंच लिहिलंय.) सक्तीचा असेल तर अॅडमिशन ऑफिसला मेल करून काय टाकायचं ते विचारा आणि उत्तर जपून ठेवा. काही विद्यापीठं डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन मागतात. त्यात प्रत्येक विषयाचा ग्रेड वेगळा बदलतात आणि क्रेडिटच्या वजनानं सरासरी काढतात. एकूण सीजीपीएला एकाच आकड्यानं गुणून तो निकाल मिळणार नाही. मागितलं असेल तरच ते करा, फुकट होत नाही.

आता जर्मनी. तिथे मात्र खरंच सूत्र आहे, सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात त्याला:

```
x = 1 + 3 × (Nmax − Nd) / (Nmax − Nmin)
```

`Nmax` म्हणजे तुमच्या मापातला सर्वोच्च गुण, `Nmin` म्हणजे पास व्हायला लागणारा किमान गुण, `Nd` म्हणजे तुम्हाला मिळालेला. त्यांच्याकडे 1 सर्वांत चांगला आणि 4 म्हणजे काठावर पास, त्यामुळे उत्तर जितकं लहान तितकं बरं. बरेचसे मास्टर्स कोर्स 2.5 ची अट ठेवतात, म्हणून तोच आकडा डोळ्यांपुढे ठेवून तुमचं गणित करू.

वर 10, खाली 4, मिळालेले 7.2. दहातून 7.2 गेले, उरले 2.8. त्याला 3 ने गुणलं, 8.4. भागिले 6, म्हणजे 1.4. त्यात 1 मिळवला, 2.4. अटीत बसलात.

आता किमान पास 4 ऐवजी 5 धरा. 8.4 भागिले 5, म्हणजे 1.68, आणि उत्तर 2.68. अटीबाहेर. निकाल तोच, ट्रान्सक्रिप्ट तेच, फक्त किमान गुणाच्या रकान्यात एक आकडा वेगळा. अख्ख्या फॉर्ममध्ये सगळ्यांत कमी विचार करून भरला जाणारा रकाना हाच असतो.

मग तुमचा किमान गुण 4 की 5? हे मित्राला विचारू नका, त्याचं विद्यापीठ वेगळं असू शकतं. गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला ग्रेडचा तक्ता असतो, त्यात एफच्या लगेच वरची ओळ बघा. पी म्हणजे पास, ग्रेड पॉइंट 4 असं असेल तर तो तुमचा विषयातला किमान गुण. पण तिथेच थांबू नका. काही ठिकाणी एकेका विषयात 4 ला पास करतात, पण पदवी मिळायला एकूण सीजीपीए 5 लागतो, आणि हे वाक्य तक्त्यात नसतं, खाली बारीक टाइपात किंवा परीक्षेच्या नियमावलीत असतं. तुमच्या विद्यापीठात तसं असेल तर मूल्यांकन करणारा एकूण सरासरीसाठी 5 धरू शकतो. संशय असला तर परीक्षा विभागाकडून किमान उत्तीर्ण गुणाचं पत्र घ्या, त्यावर शिक्का हवा. मला ते मिळायला चार चकरा पडल्या, तेव्हा आजच अर्ज द्या.

इथे आणखी एक खड्डा आहे, आणि त्यात हुशार मुलं पडतात. त्यांना वाटतं, आधी टक्के काढू आणि मग सूत्रात घालू. 7.2 गुणिले 9.5 म्हणजे 68.4 टक्के. वर 100, खाली 40. शंभरातून 68.4 गेले, 31.6 उरले. तिप्पट केली, 94.8. भागिले 60, 1.58. उत्तर 2.58, परत अटीबाहेर!

कुठे बिनसलं? 9.5 ने गुणताना 10 पैकी 10 मिळवणाऱ्यालाही 95 टक्केच मिळतात. म्हणजे या मापाचं टोक 100 वर नाही, 95 वर आहे, आणि किमान पास 40 नाही, 38 आहे. तसं धरून करून बघा. 95 वजा 68.4 म्हणजे 26.6, तिप्पट 79.8, भागिले 57, बरोबर 1.4. उत्तर 2.4, आधीचंच. मापाची दोन्ही टोकं सोबत बदलली तर सूत्राला काही फरक पडत नाही. फक्त मधला आकडा बदलून टोकं शंभर-चाळीसवर ठेवली की नुकसान. म्हणून डिग्रीसाठी तिन्ही आकडे दहाच्याच मापात ठेवा आणि टक्क्यांच्या वाटेला जाऊच नका.

टक्के मागितलेच, तर तुमच्या विद्यापीठानं छापलेलं सूत्रच वापरा. बाजारात तीन-चार सूत्रं फिरतात आणि तुमच्या 7.2 चे कुणी 72 करेल, कुणी 68.4, कुणी आधी 0.75 वजा करून 64.5. तिन्ही सूत्रं कुठे ना कुठे अधिकृत आहेत. तुमच्याकडे त्यातलं कुठलं, ते गुणपत्रिका सांगेल किंवा रूपांतर प्रमाणपत्र सांगेल.

दहावी-बारावी त्यामानाने सोपी. टक्के आहेत तसे, माप 100, आणि दोन्हीच्या गुणपत्रिकेवर लिहिलेला किमान पास गुण. बोर्डाचं नाव प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या रकान्यात जातं, शाळेचं नाव जिथे शिकलात त्या रकान्यात. ही अदलाबदल फार होते. डिग्रीचंही तसंच: शिकलात संलग्न कॉलेजात, पदवी दिली विद्यापीठानं. ड्रॉपडाउनमध्ये कॉलेज सापडलं नाही तर विद्यापीठ निवडा आणि कॉलेजचं नाव पुढच्या मोकळ्या ओळीत लिहा.

अकरावी-बारावी शाळेत टाका, म्हणजे `Secondary School` मध्ये. नावात ज्युनिअर कॉलेज आहे म्हणून मुलं ती `College/University` खाली टाकतात. मग पोर्टल त्या दोन वर्षांसाठी पदवीचं नाव मागतं, मुलगा घाबरून काहीतरी लिहितो, आणि कागदावर त्यानं दोन पदव्या घेतल्यासारखं दिसतं. तुमच्या फॉर्मवर अकरावी-बारावीसमोर `Degree Awarded` असा रकाना उघडत असेल, तर तुम्ही चुकीच्या खणात आहात. ती नोंद पुसून शाळेच्या भागात नव्यानं टाका.

शेवटच्या सेमिस्टरचा निकाल यायचा असेल, तर 7.2 हा कितव्या सेमिस्टरपर्यंतचा ते मोकळ्या जागेत लिहा आणि पदवीच्या तारखेसमोर `Expected` निवडा. अंदाजे वाढवलेला सीजीपीए टाकू नका, आणि शेवटच्या सेमिस्टरचा एसजीपीए चुकून सीजीपीएच्या जागी जात नाही ना, ते सबमिट करण्याआधीच्या पीडीएफमध्ये एकदा बघा. स्क्रीनवर दोन्ही आकडे सारखेच दिसतात.