नोकरी गेल्यावर बचत किती महिने पुरेल, हे कसं काढायचं?

प्रश्न: फेब्रुवारीअखेर नोकरी गेली. बँकेत दीड लाख, एफडी ३ लाख, म्युच्युअल फंडात अडीच लाख आणि पीएफ २ लाख, असे मिळून ९ लाख आहेत. घराचा हप्ता ३१ हजार, गाडीचा ११ हजार, घरखर्च ४० हजार. म्हणजे ११ महिने निघतील ना? पुण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. बायको घरीच असते, मुलगी सातवीत आहे.

उत्तर:

११ महिने निघणार नाहीत. तुमच्या आकड्यांवरून मला सहा महिने दिसतात, आणि निर्णय घ्यायला हाताशी पाचच.

मी बरीच वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काम केलं. हप्ता थकला म्हणून जे लोक समोर येऊन बसायचे, त्यातल्या बहुतेकांनी तुमच्यासारखाच भागाकार करून ठेवलेला असायचा. त्या भागाकारात वरचा आकडा फुगलेला असतो आणि खालचा कमी धरलेला असतो. शिवाय खर्च दर महिन्याला सारखा येतो असं त्यात गृहीत धरलेलं असतं, आणि खरा घोळ तिथेच होतो.

आधी बचतीचं बघू. बँकेतले दीड लाख पूर्ण धरा. एफडी मुदतीआधी मोडली की व्याज थोडं कमी मिळतं, म्हणून ३ लाखांचे २ लाख ९५ हजार धरा. म्युच्युअल फंड जर शेअर बाजारातला असेल तर आजच्या किमतीतून वीस टक्के वजा करा. हे सावधपणासाठी सांगतोय. नोकऱ्या जातात तेव्हा बाजारही पडलेला असू शकतो, आणि तुम्हाला ते युनिट तुमच्या गरजेच्या दिवशी विकावे लागणार आहेत, भाव चांगला असेल त्या दिवशी नाही. म्हणजे अडीचचे २ लाख.

पीएफ पहिल्या हिशेबात घेऊच नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने जो निर्णय घेतला, त्यानुसार नोकरी गेल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच काढता येते आणि उरलेले २५ टक्के १२ महिने बेकार राहिल्यावर. म्हणजे २ लाखांतले फार तर दीड लाख उपयोगाचे. सलग नोकरी पाच वर्षांपेक्षा कमी झाली असेल तर त्या रकमेवर करही लागतो. हा पैसा राखीव समजा, त्याच्याकडे शेवटी येऊ. कंपनीकडून येणारा फुल अँड फायनलचा पैसाही खात्यात जमा होईपर्यंत लिहू नका. क्रेडिट कार्डाची लिमिट म्हणजे तर बचत नव्हेच.

तर हातात आहेत ६ लाख ४५ हजार.

आता खर्च. गेल्या १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि पेन घेऊन बसा. `ACH` किंवा `NACH` असं लिहिलेल्या सगळ्या नोंदींवर खूण करा. त्या आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमा आहेत: हप्ते, एसआयपी, विम्याचे प्रीमियम. एसआयपी आजच थांबवा. मग वर्षातून एकदा-दोनदा गेलेली प्रत्येक मोठी रक्कम शोधा आणि ती कुठल्या महिन्यात गेली ते लिहा. तुम्ही सांगितलेल्या ४० हजारांत शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि गाडीचा विमा बहुधा नाहीत. विचारलं की माणसाला किराणा, दूध, वीज, पेट्रोल आठवतं. वर्षातून एकदा येणारं आठवत नाही.

एक खर्च तर तुमच्या स्टेटमेंटमध्ये सापडणारच नाही. तो म्हणजे आरोग्य विमा. आजवर तो कंपनीचा होता आणि नोकरीबरोबर गेला. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्यासाठी अर्ज करता येतो, त्यामुळे जुन्या आजारांसाठीचा वाट पाहण्याचा काळ पुन्हा शून्यापासून मोजावा लागत नाही. त्यासाठी एचआरला आजच फोन करा. हा प्रीमियम वाचवायच्या भानगडीत पडू नका. एकदा दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर बाकीचा हिशेब करायची गरजच उरणार नाही.

आता वहीच्या एका पानावर महिने खाली खाली लिहा आणि प्रत्येक महिन्यापुढे त्या महिन्यात जाणारे पैसे आणि शेवटी उरणारे पैसे मांडा. तुमचे वार्षिक खर्च मला माहीत नाहीत, म्हणून मी अंदाजाने धरतो. तुम्ही आपले आकडे घाला.

मार्चमध्ये घरखर्च काही लगेच कमी होत नाही. दोन्ही हप्ते धरून ८२ हजार आणि आरोग्य विम्याचे २६ हजार गेले, उरले ५ लाख ३७ हजार. एप्रिलपासून घरखर्च ३४ हजारांवर आणलात असं धरू. याहून खाली कागदावर आणता येतो, पण घरात तो टिकत नाही. हप्त्यांसह ७६ हजार. एप्रिलमध्ये त्यावर सोसायटीचे ९ हजार, म्हणून उरले ४ लाख ५२. मे महिन्यात मालमत्ता कराचे १२ हजार, उरले ३ लाख ६४. जूनमध्ये फीचा पहिला हप्ता, वह्या-पुस्तकं, गणवेश मिळून ५० हजार, उरले २ लाख ३८. जुलैत पुन्हा सोसायटी, उरले १ लाख ५३. ऑगस्टमध्ये गाडीच्या विम्याचे १४ हजार, उरले ६३ हजार. सप्टेंबरमध्ये टर्म इन्शुरन्सचे १८ हजार धरून ९४ हजार लागतात आणि तेवढे नाहीत.

ऑगस्टअखेर सहा महिने झाले. पीएफचे दीड लाख घातले तर सप्टेंबर निघतो, पण ऑक्टोबरमध्ये फीचा दुसरा हप्ता ४० हजार आणि सोसायटी आली की पुन्हा ६ हजार कमी पडतात. म्हणजे सगळं खरवडूनही सात महिने, आणि दिवाळी अजून यायचीच आहे.

तुम्ही वाट बघाल ती तारीख मात्र ऑगस्टअखेरची नसावी. पानावर दीड लाखाच्या जवळ एक रेघ मारा. घराचे तीन हप्ते आणि दीडेक महिन्याचा घरखर्च एवढी ती रक्कम आहे. तुमच्या पानावर ही रेघ जुलैअखेर येते. मोठा जो काही निर्णय असेल, म्हणजे गाडी विकणं, कमी पगाराची नोकरी धरणं किंवा बँकेकडे हप्ता कमी करून मागणं, तो त्याच्या आत व्हायला हवा.

तीन हप्तेच का, ते सांगतो. हप्ता बाउन्स झाला की तुमची बँक दंड लावते, कर्ज देणारी संस्था वेगळा लावते आणि क्रेडिट रिपोर्टवर डाग पडतो. थकबाकीला ९० दिवस उलटले की खातं एनपीए होतं, म्हणजे बँक ते बुडीत कर्जांत धरते. त्यानंतर सरफेसी कायद्याखाली बँक घर ताब्यात घेण्याआधीची ६० दिवसांची नोटीस देऊ शकते. एकही हप्ता न चुकलेला माणूस मुदत वाढवून मागायला आला तर शाखेतल्या अधिकाऱ्याच्या हातात काहीतरी असतं. तोच माणूस दोन हप्ते थकवून आला की फाइल वसुलीवाल्यांकडे गेलेली असते आणि आमच्या हातात फारसं काही राहत नसे. म्हणून बँकेत जायचं ते खात्यात पैसे असताना.

आता एक सल्ला तुम्हाला नातेवाईक हमखास देतील: "आधी गाडीचं कर्ज फेडून टाक, हप्त्याची कटकट मिटेल." तो ऐकण्याआधी एक छोटा हिशेब करा. कर्जाची बाकी भागिले हप्ता. समजा बाकी २ लाख ६० हजार आहे. भागिले ११ हजार म्हणजे जवळजवळ २४. म्हणजे आज दिलेले पैसे हप्ता वाचून परत यायला दोन वर्षं लागतील, आणि तुमच्याजवळ सहा महिने आहेत. एप्रिलअखेर एफडीतून हे कर्ज फेडलंत तर हातात १ लाख ९२ हजार उरतात. मेमध्ये ७७ हजार गेले, जूनमध्ये फीसकट १ लाख १५ हजार, आणि जूनअखेर खातं शून्य. कर्ज कमी झालं, पण ऑगस्टला संपणारे पैसे जूनलाच संपले. हा भागाकार तीन-चारच्या आत येत असेल, म्हणजे कर्ज अगदी संपत आलं असेल, तरच फेडावं. क्रेडिट कार्डाची थकबाकी याला अपवाद. तिचं व्याज इतकं जबर असतं की ती आधी मिटवावी. घराच्या कर्जात जास्तीची रक्कम भरणं मात्र गाडीच्या कर्जासारखंच टाळा: वेगळं लिहून दिलं नाही तर बँक सहसा मुदत कमी करते, हप्ता तेवढाच राहतो, आणि तुम्हाला आत्ता मुदतीचा काही उपयोग नाही.

गाडी विकण्याची गोष्ट अगदी वेगळी. गाडी ४ लाखांना गेली, त्यातून कर्ज फिटलं, मुदतपूर्व फेडीचं शुल्क आणि आरटीओचा खर्च जाऊन १ लाख ३० हजार हातात आले असं धरू. रिक्षा-बससाठी महिन्याला ३ हजार वाढवले तरी खर्च ७६ वरून ६८ हजारांवर येतो आणि ऑगस्टचा विमाही जातो. हे एप्रिलअखेर झालं तर तेच पान असं दिसतं: जुलैअखेर ३ लाख ७ हजार, सप्टेंबरअखेर १ लाख ५३, ऑक्टोबरअखेर ३६ हजार. पीएफला हात न लावता आठ महिने, आणि रेघ जुलैवरून सप्टेंबरवर गेली. मात्र हेच ऑगस्टमध्ये केलंत तर मधल्या महिन्यांचे हप्ते गेलेले असतात, आणि घाईत विकलेल्या गाडीला भावही पडून मिळतो. विकताना कर्जदात्याकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घ्यायला विसरू नका. त्याशिवाय आरसीवरचा बोजा उतरत नाही आणि गिऱ्हाईक पैसे अडवून धरतं.

दर महिन्याच्या शेवटी पानावरच्या अंदाजाशेजारी प्रत्यक्ष उरलेली रक्कम लिहा आणि पुढचे महिने नव्याने मांडा. ते पान बायकोच्याही हाताशी असू द्या, कारण घरखर्चाचे ३४ हजार खरे की ३८, हे तिलाच आधी कळणार आहे. ३८ निघाले तर एप्रिल ते ऑगस्ट मिळून २० हजारांचा फरक पडतो, आणि जुलैअखेरची रेघ जुलै सुरू असतानाच ओलांडली जाते. बँकेत जाल तेव्हा हेच पान, सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि कंपनीचं रिलीव्हिंग लेटर घेऊन जा. किती महिन्यांसाठी, किती हप्ता झेपेल, ते लेखी अर्जात लिहा आणि पोच घ्या.