वरच्या सेलमधली नोंद खाली: Ctrl+D कुठून उचलतं?

प्रश्न: एक्सेलमध्ये तीच तारीख, तेच नाव पुन्हा पुन्हा टाइप करावं लागतं. Ctrl+D वापरून पाहिलं, पण कधी वरची नोंद खाली येते, कधी काहीच होत नाही. असं का होतं?

मी मार्केट यार्डात भुसार मालाच्या एका पेढीचे हिशेब बघतो. आवकेच्या नोंदीत Ctrl+D रोजच लागतं, म्हणून तिथलंच उदाहरण देतो.

सगळा फरक सिलेक्शनचा आहे. एकाच रिकाम्या सेलवर उभं राहून Ctrl+D दाबलं की त्याच्या वरच्या सेलमधली नोंद खाली उतरते. पण एकाखाली एक अनेक सेल निवडले असतील, तर एक्सेल निवडीच्या बाहेर बघतच नाही. निवडीतल्या सगळ्यात वरच्या सेलमध्ये जे असेल तेच खाली भरतं. तुम्ही बहुधा भरलेला सेल सोडून त्याच्या खालचे रिकामे सेल निवडत असणार. तिथे वरचा सेलच रिकामा, म्हणून रिकामेपणच खाली जातं आणि शॉर्टकट चालला नाही असं वाटतं.

आता उदाहरण. एका गाडीतून 18 प्रकारचा माल उतरला. A कॉलमात तारीख, B मध्ये गाडी नंबर, C मध्ये माल, D मध्ये पोती. तारीख आणि नंबर फक्त A2 आणि B2 मध्ये लिहायचे. मग A2 वर क्लिक, शिफ्ट दाबून B19 वर क्लिक, आणि Ctrl+D. दोन्ही कॉलम आपापल्या वरच्या सेलप्रमाणे एकदम भरतात. भरलेली ओळ निवडीत घेतली, एवढंच लक्षात ठेवायचं.

सेलचा कोपरा धरून माउसने ओढायची सवय अनेकांना असते. या दोन कॉलमांत ती सवय घातक आहे. ओढलं की तारीख एकेक दिवसाने पुढे सरकते, आणि गाडी नंबरच्या शेवटी 41 असेल तर खाली 42, 43 असे नंबर तयार होतात, म्हणजे न आलेल्या गाड्या वहीत येतात. Ctrl+D आकडे वाढवत नाही, जसंच्या तसं उतरवतं. मात्र सेलचा रंग आणि चौकटीच्या रेघाही सोबत येतात.

सूत्र असेल तर ते खाली जाताना ओळीप्रमाणे बदलतं, आणि तेच हवं असतं. पण हमालीचा दर पोत्यामागे ठरलेला आणि तो K1 मध्ये एकदाच लिहिलेला असेल, तर H2 मध्ये असं लिहा:

```
=D2*$K$1
```

मग H2 ते H19 निवडून Ctrl+D. डॉलर विसरलात तर H3 मध्ये K2 येईल, तो रिकामा, म्हणून हमाली 0. पहिली ओळ बरोबर आणि खाली सगळी शून्यं दिसली, की चूक इथेच आहे असं समजा.

डावीकडून उजवीकडे न्यायला Ctrl+R. नियम तोच, फक्त इथे निवडीतला सगळ्यात डावीकडचा कॉलम उचलला जातो. आमच्या वार्षिक गोषवाऱ्यात B ते M असे एप्रिल ते मार्च महिने आहेत. B14 मध्ये `=SUM(B2:B13)` लिहून B14 ते M14 निवडायचं आणि Ctrl+R दाबायचं, की बाराही महिन्यांच्या बेरजा येतात. गूगल शीट्समध्येही हे दोन्ही शॉर्टकट चालतात.

एक गोष्ट मात्र जपा. निवडीत आधीपासून काही लिहिलेलं असेल, तर ते न विचारता पुसलं जातं. मागे मी वजनांच्या कॉलमात एक रिकामा सेल वर ठेवून खालचे भरलेले सेल निवडले आणि Ctrl+D दाबलं. वजनं गेली. तिथेच Ctrl+Z दाबलं असतं तर परत आली असती, पण माझ्या लक्षात आलं ते फाइल सेव्ह करून बंद केल्यावर, आणि तेव्हा Undo उरत नाही. काटापट्ट्या काढून सगळी वजनं पुन्हा टाइप केली. तेव्हापासून Ctrl+D दाबण्याआधी मी निवडीतला पहिला सेल वाचतो, आणि दाबल्यावर शेवटचा.