डॉक्टर, प्राध्यापक आणि निवृत्त कर्नल असलेल्या वक्त्यांची ओळख करून देताना कोणती उपाधी वापरावी?

नावाआधी विषयाशी जुळणारी एकच उपाधी लावावी आणि उरलेल्या उपाधी ओळखीच्या मजकुरात वाक्यरूपाने सांगाव्यात. मात्र सैनिकी हुद्दा वापरायचा झाल्यास तो सर्वांत आधी येतो. व्याख्यान सीमासुरक्षेवर असेल, तर ‘कर्नल अमुक (निवृत्त)’ असे लिहावे, ‘निवृत्त कर्नल अमुक’ असे नव्हे, कारण सैन्याच्या संकेतानुसार निवृत्त होतो तो अधिकारी, हुद्दा नाही. व्याख्यान मधुमेहावर असेल, तर ‘डॉ. अमुक’ पुरेसे आहे. ‘प्राध्यापक’ हे पद असल्याने ते सोडल्यावर ‘माजी प्राध्यापक’ म्हणावे, पीएच.डी. किंवा वैद्यकीय पदवी मात्र कायम राहते, आणि ‘डॉ.’ नेमके कशाचे हे श्रोत्यांना सांगितलेले बरे. संविधानाच्या अनुच्छेद 18 मध्ये सैनिकी व शैक्षणिक उपाधींना मुभा आहे. पद्म पुरस्कार मात्र नावाला जोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या निकालात स्पष्ट केले आहे (आपल्या निमंत्रणपत्रिकांवर तरीही ‘पद्मश्री अमुक’ सर्रास छापले जाते). ‘यांना पद्मश्री मिळाली आहे’ असे सांगायला हरकत नाही. हे सारे संकेत असले, तरी वक्त्यांची पसंती वेगळी असू शकते, म्हणून पत्रिका छापण्यापूर्वी त्यांच्याकडून नाव लेखी मागवावे.