गरिबी नको, पेपर लिहा. आणि तीन लाख नकोत, दीड लाख

प्रश्न : माझी मुलगी भूशास्त्रात पीएच.डी. करते. तिचा पेपर एप्रिलअखेर व्हिएन्नाच्या परिषदेत मांडायला मंजूर झालाय. प्रवास अनुदानासाठी तिनं पत्र लिहिलं होतं, ते फार कोरडं वाटलं म्हणून मी नीट लिहून दिलं : आम्ही कोरडवाहू शेतकरी, तीन वर्षं दुष्काळ, घरची परिस्थिती. खर्चही तीन लाखांचा दाखवला, कारण तीन मागितले तर दीड तरी हाती येतील. ती म्हणते असं पत्र ती पाठवणार नाही. दोन्ही मसुदे आणि तिच्या पेपरचा गोषवारा सोबत आहे. तिला समजवा. आणि एवढं करून पुढं नोकरीला याचा उपयोग आहे का, तेही सांगा. नाही तर मी दीड एकर विकायला तयार आहे.
— एक पालक, परभणी जिल्हा

उत्तर :

तिला समजवायचं काही नाही. मसुदे दोन्ही वाचले, तिचाच बरोबर आहे. तो कोरडा वाटतो हे खरं. पण त्याला ओलावा हवाय तो तिच्या कामाचा, तुमच्या पिकाचा नाही.

तुमच्या पत्रात जमीन आहे, पाऊस आहे, कर्ज आहे, आणि पेपर शेवटच्या दोन ओळींत. पत्र कोण वाचतं ते बघा. अनुदान समितीत भूशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र अशा विषयांचे प्राध्यापक असतात. त्यांना ठरवायचं असतं एकच : हे काम या परिषदेत जाऊन सांगण्याइतकं आहे का, आणि अर्जदार ते स्वतः सांगू शकेल का. घरच्या परिस्थितीसाठी शिष्यवृत्तीच्या योजना वेगळ्या असतात, तिथं उत्पन्नाचा दाखला मागतात. इथं मागतात परिषदेचं स्वीकृतीपत्र. आणखी एक स्पष्टच सांगतो. पीएच.डी.ला असलेल्या मुलीचं पत्र वडिलांनी लिहिलंय हे अशा वाचकांना दुसऱ्या परिच्छेदात कळतं. मग शंका येते की पेपरही कुणी दुसऱ्यानंच लिहिला असेल का. तुम्ही तिला मदत करायला गेलात आणि तिच्या कामावरच प्रश्नचिन्ह ओढवून घेताय.

गंमत म्हणजे तिच्या गोषवाऱ्यात जे आहे ते दोन्ही मसुद्यांत नाही. तिनं दोन वर्षं पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरींची पातळी मोजलीय. पाऊस सरासरीइतका होऊनही काही विहिरी हिवाळ्यातच तळाला जातात, आणि तिच्या मांडणीनुसार त्याचं कारण वरचा मुरमाचा थर. तो पातळ असेल तर पाणी साठायला जागाच नसते. खाली घट्ट कातळ असतो आणि पाणी फक्त त्याच्या भेगांतून जातं. परभणीच्या माणसाला हे विहीर खणताना कळतं, ते तिनं मोजून दाखवलंय. तिच्या पत्रात मात्र “मराठवाड्यातील भूजलाचा सखोल अभ्यास” एवढंच आहे. सखोल म्हणजे किती विहिरी, किती मोसम? ते आकडे दुसऱ्याच वाक्यात यायला हवेत.

पत्र एका पानाचं असावं. सुरुवातीला दोन वाक्यांत नाव, विभाग, कितवं वर्ष, पेपरचं शीर्षक, परिषद, गाव, तारखा, आणि सादरीकरण तोंडी आहे की पोस्टर. पोस्टर असेल तर पोस्टरच लिहावं, स्वीकृतीपत्र सोबत असतंच. मग चार-पाच वाक्यांत वर सांगितलेलं काम. त्यानंतर ती ज्या सत्रात बोलणार आहे त्याचं नाव, आणि तिथं तिला नेमकं काय हवंय : समजा अशाच कातळाच्या प्रदेशात काम करणाऱ्यांकडून मोजणीची पद्धत तपासून घेणं. “आंतरराष्ट्रीय अनुभव मिळेल” हे वाक्य काढून टाका, ते प्रत्येक अर्जात असतं. शेवटचा परिच्छेद पैशांचा : एकूण किती, कुणाकडून किती, या योजनेकडून किती.

आता तुमचे तीन लाख. “जास्त मागा, निम्मे मिळतील” हा समज बाजारात चालतो, अनुदानात नाही. अनुदान टक्क्यांनी कापत नाहीत, बाबीवार देतात. योजनेत ज्या बाबी बसतात त्या, ठरलेल्या मर्यादेत आणि पावतीवर जेवढं असेल तेवढंच. विमानाचं भाडं १ लाख ४० हजार लिहिलंत आणि तिकीट ६२ हजारांचं निघालं, तर मिळणार ६२ हजारच. पण अर्ज वाचणारा माणूस मुंबई-व्हिएन्नाचं भाडं दोन मिनिटांत तपासतो, आणि ही एक ओळ फुगलेली दिसली की बाकीच्या ओळींवरचा त्याचा विश्वास उडतो. तुम्हाला वाटतं घासाघीस होईल. होतं असं की अर्ज बाजूला पडतो.

तिच्या गोषवाऱ्यावरून आणि परिषदेच्या तारखांवरून अंदाजपत्रक साधारण असं होईल. युरोचा दर सोपा जावा म्हणून १०० रुपये धरलाय; तिनं त्या दिवसाचा दर आणि तारीख खाली लिहावी. भाडं, नोंदणी आणि मुक्कामाचे आकडे नमुन्याचे आहेत, त्यांच्या जागी तिनं काढलेले खरे दर घालावेत.

| बाब | रुपये |
|---|---|
| विमान, मुंबई-व्हिएन्ना जाऊन-येऊन, इकॉनॉमी | ६२,००० |
| परिषद नोंदणी, विद्यार्थी दर २५० युरो | २५,००० |
| शेंगेन व्हिसा ९० युरो, अधिक व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क | ११,५०० |
| प्रवास विमा | १,५०० |
| मुक्काम, ५ रात्री, दर रात्री ७० युरो | ३५,००० |
| जेवण, ६ दिवस, दररोज २५ युरो | १५,००० |
| व्हिएन्नातला स्थानिक प्रवास | ३,००० |
| परभणी-मुंबई रेल्वे, दोन फेऱ्या | ४,४०० |
| पोस्टर छपाई | १,६०० |
| एकूण | १,५९,००० |

रेल्वेच्या फेऱ्या दोन, कारण एकदा व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागतं आणि एकदा विमानाला. ही ओळ बहुतेक विद्यार्थी विसरतात आणि मग खिशातून भरतात. विम्याचं संरक्षण ३०,००० युरोंपेक्षा कमी असेल तर शेंगेन व्हिसाला तो चालत नाही. पोस्टर कापडावर छापून घ्यावं. ते घडी घालून बॅगेत मावतं.

समजा तिच्या योजनेत फक्त विमान, नोंदणी आणि व्हिसा बसतो. मग योजनेकडे मागणी ९८,५०० ची. उरतात ६०,५००. त्यातले २५,००० विद्यापीठाकडे किंवा गाइडच्या प्रकल्पातून मागावेत आणि ३५,५०० “स्वतः” असं सरळ लिहावं. ही शेवटची ओळ तुम्हाला कमीपणाची वाटेल. समितीला मात्र ती आवडते, कारण उरलेल्या पैशांची सोय झालेली दिसते आणि अनुदान मंजूर होऊनही मुलगी गेलीच नाही असं होण्याची भीती राहत नाही. एकच खर्च दोन ठिकाणी मात्र मागू नये. दोन्हीकडे अर्ज केलाय हे दोन्ही पत्रांत लिहावं, नाही तर हिशेब देताना एकच पावती दोनदा लावता येत नाही आणि अडचण होते.

अर्ज कुठं करायचा ते तिला माहीत असणार : अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, सीएसआयआर, तिचं विद्यापीठ, आणि परिषदेची स्वतःची विद्यार्थी मदत. कुठल्या बाबी कोण देतं ते त्या-त्या वर्षीच्या सूचनेत वाचावं. अर्ज गाइड, विभागप्रमुख आणि कुलसचिव यांच्या सहीनं जातो, त्या सह्यांना वेळ लागतो.

तुमची जमीन विकायची भाषा मला सगळ्यात जास्त खटकली. तिची गरज नाही, पण पैशांची एक गरज आहे जी तुम्ही ओळखलेली नाही. अनेक योजनांत पैसे प्रवासाहून परतल्यावर, पावत्या दिल्यावर मिळतात. म्हणजे मंजुरीचं पत्र हातात असतानाही जवळजवळ सगळे १,५९,००० आधी घरातून जातात आणि त्यातला मोठा भाग काही महिन्यांनी परत येतो. म्हणून तुम्ही द्यायचे ते पैसे बरेचसे परत येणारे आहेत. त्यासाठी जमीन विकणं म्हणजे कायमची वस्तू देऊन सहा महिन्यांची उसनवारी भागवणं. मुदत ठेव मोडा, नातेवाइकाकडून घ्या, नाही तर विद्यापीठाला आगाऊ रक्कम मिळते का विचारा.

पैसे परत मिळण्यात जे अडकतं ते क्षुल्लक असतं. तिकीट कुठून काढायचं हे आधी योजनेच्या अटींत बघावं. केंद्र सरकारच्या पैशांवरच्या प्रवासाला बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी हे तीनच अधिकृत एजंट आहेत, आणि जिथं ही अट लावतात तिथं स्वस्तातलं दुसरं तिकीट भाडं बुडवतं. बोर्डिंग पास जाताना-येताना दोन्हीकडचे ठेवावेत, मध्ये विमान बदललं तर तिथलेही. ते उष्णतेनं अक्षरं उमटणाऱ्या कागदावर छापतात, मराठवाड्याच्या मे महिन्यात कपाटात ठेवले तरी अक्षरं उडतात, म्हणून त्याच रात्री फोटो काढून ठेवावेत. नावही बघा : पासपोर्टवर तिच्या नावापुढं तुमचं नाव आहे आणि पेपरवर नसेल, तर प्रमाणपत्र आणि तिकीट जुळत नाहीत. परिषदेला आत्ताच लिहून पासपोर्टसारखं नाव करून घ्यावं.

नोकरीचं विचारलंत. सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत जो तक्ता आहे, त्यात परदेशात पेपर वाचल्याला गुण नाहीत. छापून आलेल्या शोधनिबंधाला प्रत्येकी २, विद्यापीठातल्या पदासाठी जास्तीत जास्त १० आणि महाविद्यालयातल्या पदासाठी ६ आहेत. म्हणजे व्हिएन्नाहून परतल्यावर तिथं मिळालेल्या सूचना घालून पेपर नियतकालिकाला पाठवला, तर उपयोग; नाही तर तो अनुभव राहील. नोकरी मिळेल या अटीवर तिला पाठवत असाल तर आत्ताच पाठवू नका, नंतर तिला ते ऐकवत राहाल.

व्हिसासाठी तुमची मदत खरी लागेल, ती अशी करा. तुम्ही खर्च करणार असं तुमच्या सहीचं पत्र, तुमच्या खात्याचा गेल्या तीन महिन्यांचा उतारा, सातबारा, आणि आयकर विवरण भरत असाल तर त्याची प्रत तयार ठेवा. विवरण भरत नसाल तर शेतीचं उत्पन्न असल्याचं त्याच पत्रात लिहा. एक करू नका : अर्जाच्या आठवड्यात तिच्या खात्यात एकदम दोन लाख टाकू नका. असा अचानक आलेला पैसा व्हिसा अधिकाऱ्याला उसना वाटतो. पैसे टाकायचेच असतील तर आजपासून, आणि कुठून आले ते दाखवता येईल असे.